एकच डेक, दोन वाचनं: भांडणाच्या आदल्या रात्रीची कथा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितेय. वर्षा आणि नितीन, लग्नाला सोळा वर्षं, डोंबिवलीत राहतात. वर्षा हौसेने टॅरो शिकलीय, नितीनला त्यात रस नाही. मोठ्या भांडणाच्या आदल्या रात्री दोघंही एकमेकांना कळू न देता कार्डं काढतात. भांडण पैशांवरून आहे: नितीन भावाच्या कर्जाला जामीन राहिलाय आणि त्याने ते तिला सांगितलेलं नाही. सध्या मी तिला डेथ आणि त्याला टॉवर दिलंय, पण दोन्ही प्रसंग सारखेच वाटतात आणि शेवट काही केल्या जुळत नाही. कुठली कार्डं घ्यावीत, आणि दोघांची रात्र एकमेकांत कशी गुंफावी?

उत्तर: दोघांना एकाच डेकमधून कार्डं काढू द्या, आणि मधे कुणालाही डेक पिसू देऊ नका. तुमच्या बहुतेक अडचणी एवढ्यानेच सुटतील असं मला वाटतं. मी बरीच वर्षं टॅरो वाचते. समोर बसणाऱ्यांत नवरा-बायकोच जास्त असतात, आणि बहुतेक वेळा दोघांतलं एकच आलेलं असतं. त्यामुळे तुमची कल्पना मला फार जवळची वाटली. कार्डं भविष्य सांगतात असा माझा दावा नाही. पण घाबरलेला माणूस एका चित्राकडे बघून स्वतःला काय सांगतो, हे मी रोज बघते, आणि तुमच्या कथेचा जीव तिथेच आहे.

आधी डेथ आणि टॉवरचं बघू. डेथ म्हणजे पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा, टॉवर म्हणजे वीज पडलेला बुरूज. ही चित्रं इतकी मोठ्याने बोलतात की पात्राला विचार करायला जागाच उरत नाही. ज्याने टॅरो कधी हातात धरलं नाही त्यालाही ती एका नजरेत कळतात, म्हणजे वर्षाचं शिकणं आणि नितीनचं न शिकणं यातला फरक पुसला जातो. तुमचे प्रसंग सारखे वाटतात ते यामुळेच. ७८ कार्डांपैकी २२ ही अशी मोठी. उरलेल्या ५६ पैकी बहुतेक कार्डांत माणसं आहेत, आणि ती काहीतरी करताना दिसतात: पैसे वाटतात, पळ काढतात, हाताची घडी घालून बसतात. १९०९ साली लंडनमध्ये रायडर या प्रकाशन संस्थेने छापलेल्या डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ती काढली. मार्गदर्शन आर्थर वेट यांचं होतं. जुन्या फ्रेंच पद्धतीच्या मार्सेय डेकमध्ये पाच तलवारी म्हणजे नुसती पाच तलवारींची नक्षी असते, प्रसंग नसतो. म्हणून वर्षाकडे रायडर-वेटचाच डेक असू द्या. आपल्याकडे शिकणारे बहुतेक त्यावरच शिकतात, त्यामुळे ते खोटंही वाटणार नाही.

आता गुंफण. दोघांकडे वेगळे डेक असले आणि दोघांना तीच तीन कार्डं आली, तर वाचक पुस्तक मिटेल. ७८ मधून तीन कार्डांचे ७६,०७६ वेगवेगळे संच निघतात, त्यातला नेमका तोच संच दोघांना आला असं सांगणं म्हणजे लेखिकेने हात घालणं. तीनपैकी एखादं कार्ड समान येणं मात्र साधं आहे, नऊ वेळांत एकदा घडतं. पण डेक एकच असेल आणि नितीनने तो पिसलाच नाही, तर योगायोगाची गरजच संपते. त्याला वर्षाची कार्डं येणारच, कारण ती वरच पडलेली आहेत. आणि तो पिसणार नाही याला कारण आहे: रात्री दोन वाजता शेजारच्या खोलीत बायको झोपलेली असताना पत्ते पिसल्याचा आवाज होतो. टॅरोची कार्डं नेहमीच्या पत्त्यांपेक्षा मोठी असतात, सवय नसलेल्या हातातून ती सांडतात. नितीन वरून तीन उचलेल आणि मोकळा होईल.

वर्षाही आवरताना पिसत नाही. आम्ही बहुतेक जण वाचनाच्या आधी पिसतो, नंतर नाही. ती डेक सगळा सुलटा ठेवते, म्हणजे तिच्या डेकमध्ये डोकं खाली असलेलं कार्ड नसतं. उलट्या कार्डांचे अर्थ न घेणारे वाचक पुष्कळ आहेत, त्यामुळे हे चालून जातं. हा तपशील कथेत एका वाक्यात आधीच पेरून ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

तिची रात्र अशी बांधा. पंधरा दिवसांपासून नितीन फोन आला की गॅलरीत जातो. ती विचारते, तो माझ्यापासून काय लपवतोय? तीन कार्डं मांडते: मागचं, आत्ताचं, उद्याचं.

मागच्या जागी सिक्स ऑफ पेंटॅकल्स. एक सावकारासारखा माणूस एका हातात तराजू धरून दुसऱ्या हाताने गुडघे टेकलेल्या दोघांना नाणी देतोय. आत्ताच्या जागी फोर ऑफ कप्स: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि हा बघतच नाही. उद्याच्या जागी फाइव्ह ऑफ सोर्ड्स. एकाने तीन तलवारी गोळा केल्यात, दोन जमिनीवर पडल्यात, दोन माणसं पाठ फिरवून चाललीत, आणि वर आभाळ फाटलेलं.

ती आता थांबणार नाही. घाबरलेला माणूस तीन कार्डांवर थांबत नाही, हे मी खात्रीने सांगते. तो ‘अजून एक, फक्त खुलाशासाठी’ म्हणतो. आमच्यात याला क्लॅरिफायर म्हणतात, आणि कुणी स्वतःसाठी रात्री उशिरा वाचत असेल तर हे कार्ड हमखास निघतं. वर्षाचं चौथं कार्ड सेव्हन ऑफ सोर्ड्स: छावणीतून पाच तलवारी उचलून चवड्यांवर पळणारा, मागे वळून बघणारा माणूस. दोन तलवारी मागे रोवलेल्याच राहिल्यात.

ती काय वाचते, इथे मात्र सावकाश जा. सेव्हनवरून तिची खात्री पटते की हा चोरून काहीतरी करतोय. ते खरंच आहे. पण काय, हे ती सिक्सवरून ठरवते, आणि तिथे चुकते. फ्लॅट घेताना तिच्या वडिलांनी पैसे दिले होते, ते इतकी वर्षं दोघांनाही टोचत आलंय. त्यामुळे तराजूवाला माणूस तिला बाबा वाटतो आणि गुडघे टेकलेली ती दोघं. तिथून तिचा विचार थेट बाबांनी तिच्या नावे ठेवलेल्या एफडीवर जातो. नितीनने ती मोडली असणार. खरं तर तराजू धरणारा नितीन आहे आणि गुडघे टेकलेला त्याचा भाऊ. चित्र बरोबर आलं, माणसं चुकली. वाचनात हेच सगळ्यात जास्त वेळा होतं: आपण कार्डात आधी आपलं दुखणं शोधतो आणि मग समोरच्याचं.

हा भाग मी साधारण असा लिहिला असता:

“वर्षाने सेव्हनकडे बघितलं आणि तिच्या पोटात खड्डा पडला. तिने मान वळवून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. मग पहिल्या कार्डाकडे परत आली. सिक्समधल्या माणसाचा चेहरा बाबांसारखा अजिबात नव्हता, पण हात पुढे करायची ढब तीच होती. घे रे, लाजतोस काय, म्हणणारी. नितीन तेव्हा लाजला होता, आणि गेली सोळा वर्षं त्या लाजण्याचा सूड घेत होता असं तिला अचानक वाटलं. एफडीची पावती कपाटात होती. आत्ता उठून बघितली तर दाराचा आवाज होईल. तिने एकेक कार्ड उचलून डेकवर पालथं ठेवलं: सिक्स, फोर, फाइव्ह, आणि शेवटी तो चोर.”

शेवटच्या वाक्यातला क्रम जपा, सगळी कथा त्यावर उभी आहे. एकेक पान पालथं ठेवलं की शेवटचं सगळ्यात वर येतं. म्हणजे आता डेकच्या माथ्यावर सेव्हन, मग फाइव्ह, मग फोर, आणि त्याखाली सिक्स. चारही एकत्र गोळा करून ती चवड पालथी ठेवली तर क्रम वेगळा होईल, म्हणून ‘एकेक’ हा शब्द गाळू नका. लिहिण्याआधी साधे पत्ते घेऊन हे एकदा स्वतः करून बघा, म्हणजे पुढे कुठे गफलत होणार नाही.

दोन वाजता नितीन. त्याला उद्या भाऊ येणार आहे हे माहीत आहे. हप्ते थकलेत, आणि कर्जदाराचे हप्ते थकले की पतपेढी जामीनदाराच्या मागे लागते. त्याचा प्रश्न वर्षापेक्षा साधा आहे: उद्या तिला सांगू का? तिला मांडताना त्याने कितीदा तरी बघितलंय, म्हणून तीन कार्डं डावीकडून उजवीकडे ठेवायची एवढं त्याला माहीत आहे. अर्थ बघायला डब्यातली छोटी पुस्तिका आहे.

पहिलं कार्ड सेव्हन, दुसरं फाइव्ह, तिसरं फोर. वर्षाचा चोर त्याच्या मागच्या जागेवर आला. वर्षाचं उद्याचं भांडण त्याच्या आत्ताच्या जागेवर आलं. तिचं आत्ताचं कार्ड त्याचा उद्या झालं. आणि सिक्स, ज्यात खरी हकीकत आहे आणि जी त्याने एका नजरेत ओळखली असती, ती चौथी पडून राहिली. नितीन तीनवर थांबतो. क्लॅरिफायर ही सवय शिकलेल्यांची, त्याला ती ठाऊकच नाही.

आता तो पेरून ठेवलेला तपशील. पान दोन तऱ्हांनी उलटता येतं. वर्षा उजवी कड धरून डावीकडे उलटते, तेव्हा चित्र सुलटं राहतं. नितीन खालची कड धरून वर उलटतो, रमी खेळतानाही त्याची तीच सवय. असं उलटलं की तेच सुलटं पान डोकं खाली करून समोर येतं. सरावलेला वाचक तीनही कार्डं उलटी बघून आधी स्वतःच्या हाताकडे बघेल. नितीनला वाटतं, कार्डंच उलटी आली आहेत. तो पुस्तिकेत उलट्या अर्थांची ओळ शोधतो.

आणि तिथे त्याला दिलासा मिळतो. आजच्या बहुतेक पुस्तिकांत उलट्या सेव्हनचा अर्थ लपवलेलं कबूल करणं असा असतो. उलट्या फाइव्हचा, वाद मिटवायची तयारी. उलट्या फोरचा, पुढे केलेला पेला अखेर स्वीकारणं. (वेट यांच्या स्वतःच्या पुस्तकात उलट्या सेव्हनचे अर्थ वेगळे आहेत, सल्ला आणि बडबड अशा तऱ्हेचे, म्हणून ‘डब्यातली पुस्तिका’ एवढंच म्हणा आणि कुठल्या आवृत्तीचं नाव घेऊ नका.) ज्या तीन कार्डांनी वर्षाला उद्या भांडायची तयारी करायला लावली, त्याच तीन कार्डांनी नितीनला सांगितलं की सांगून टाक, ती घेईल समजून.

त्याचा प्रसंग तिच्यापेक्षा आखूड ठेवा, निम्मा पुरे. वर्षा चित्रं बघते, नितीन ओळी वाचतो. तिच्या रात्रीत चेहरे, हात, तराजू येऊ द्या. त्याच्या रात्रीत बोटाने धरलेली ओळ, चष्मा, फोनच्या टॉर्चचा उजेड. एवढं पाळलंत तर प्रसंग आपोआप वेगळे होतील, कुणी किती घाबरलंय हे शब्दांत सांगावं लागणार नाही. आवरताना तोही एकेक पान डेकवर ठेवतो, आपल्या सवयीप्रमाणे पुन्हा खालून वर उलटून. म्हणजे कार्डं परत होती तशी सुलटी होतात. त्याच्या रात्रीची ती खूण पुसली गेली. क्रमाची खूण मात्र राहिली: सेव्हन ठेवलं, त्यावर फाइव्ह, त्यावर फोर. माथ्यावर आता फोर ऑफ कप्स आहे. वर्षाने झोपायला जाताना सेव्हन वर ठेवलं होतं.

सकाळचं भांडण मोठं का होतं, याचं उत्तर आता तुमच्याकडे आहे. नितीन चहा स्वतः करतो, कारण त्याला वाटतंय की आज पेला पुढे करायचा दिवस आहे. त्याचा सूर हलका आहे, आणि तोच घात करतो.

“वर्षा, एक सांगायचं होतं. दादाच्या कर्जाला मी सही केलीय, जामीन म्हणून.”

“आणि एफडी?”

“कुठली एफडी?”

“बाबांची. ती कधी मोडलीस तेवढं सांग.”

“मी तुला दादाचं सांगतोय.”

“दादाचं मला कळलं. मी बाबांचं विचारतेय.”

तो रात्रभर बळ गोळा करून एक कबुली देतो आणि ती त्याला दुसऱ्याच गुन्ह्यासाठी पकडते. तो चिडतो, कारण हा गुन्हा त्याने केलेलाच नाही. तिला वाटतं, जामिनाची गोष्ट याने एफडी झाकायला पुढे केली. इथून दोघं दोन वेगळी भांडणं भांडत राहतात. सोळा वर्षांचं सगळं बाहेर येऊ द्या: फ्लॅटचे पैसे, भाऊ, नितीनचं लाजणं. ‘आपण सिक्समधली कोण?’ हा प्रश्न भांडणात कुणीही शब्दाने विचारू नये. पण कुणी कुणाला दिलं आणि कुणी हात पसरला, यावरच ते भांडण फिरत राहू द्या. मधेच ती कपाट उघडते, पावती जागच्या जागी असते, आणि तरीही भांडण थांबत नाही. पावती सापडल्यावर थांबलेलं भांडण पटणार नाही, कारण तोवर ते एफडीबद्दल उरलेलंच नसतं.

शेवट जुळत नाही म्हणालात, त्याचं कारण कथेत एकाला दुसऱ्याची रात्र कळायला जागाच नव्हती. आता आहे. संध्याकाळी, भाऊ येऊन गेल्यावर, वर्षा डेक काढते. सेव्हन हवं तिथे फोर आहे. खाली फाइव्ह, मग सेव्हन, मग सिक्स. तीन पानं उचलून परत ठेवली गेलीत आणि चौथ्याला हात लागलेला नाही, एवढं तिला क्रमावरून कळतं. घरात दुसरं कुणी नाही. मग ती नितीनच्या सवयीने, खालची कड धरून, एकेक पान उलटते. पळणारा चोर उलटा पडलेला, पेला देणारा हातही उलटा. उलट्या अर्थांची ओळ तिला पुस्तिकेशिवाय येते. सकाळी त्याने चहा का केला होता, हे तिला त्या तीन पानांवरून कळतं.

तिने त्याला जाऊन सांगावं का? मी म्हणेन, नाही, निदान कथेत नाही. तिने सांगितलं की लगेच समेट लिहावा लागेल, आणि जामिनाची रक्कम तर तशीच उभी आहे. त्यापेक्षा तिला सिक्स पुन्हा नीट बघू द्या, आणि या वेळी तराजूवाल्यात नितीन दिसू द्या. मग ती जी गोष्ट करेल ती व्यवहारातली असू द्या: त्याला विचारेल की हप्ते किती थकलेत. ‘किती थकलेत?’ या दोन शब्दांवर कथा सोडता येईल.

एक गोष्ट जपायला हवी. वाचकाला क्रम कळावा म्हणून तुम्हाला वारंवार समजावून सांगावंसं वाटेल. तसं करू नका. वर्षाच्या रात्री शेवटी ठेवलेलं कार्ड कोणतं हे एकदा स्पष्ट सांगा, नितीनच्या रात्री पहिलं उचललेलं कोणतं हे एकदा सांगा, आणि उलटण्याची सवय रमीच्या एखाद्या जुन्या आठवणीत, भांडणाच्या बरंच आधी, येऊन जाऊ द्या. ही आठवण नितीनच्या रात्रीत टाकलीत तर ती सोय म्हणून आल्यासारखी वाटेल. वर्षाच्या तोंडून, कथेच्या पहिल्या पानावर, गणपतीत जमलेल्या पाहुण्यांच्या गडबडीत आली तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही, आणि शेवटी वर्षाला ती सवय कुठून माहीत असा प्रश्नही उरणार नाही.